७५० चा शिक्का फोटोत दिसतोय, पण साखळी सोन्याची आहे का?

प्रश्न: ओळखीतल्या एकांकडून जुनी साखळी घ्यायचा विचार आहे. त्यांनी फाशाजवळच्या ७५० या शिक्क्याचा फोटो पाठवलाय, वजन २४.६ ग्रॅम सांगतात. फोटोवरून सोनं खरं आहे का ते कळेल का? शिक्का असल्यावर परत तपासायची गरज असते का?

उत्तर:

फोटोवरून ‘ही साखळी घेऊ नका’ असं कधीकधी खात्रीने सांगता येतं. ‘ही साखळी १८ कॅरटची आहे’ असं मात्र कधीच सांगता येत नाही. शिक्का हा एक दावा असतो आणि तो धातूच्या एका छोट्या जागेवर केलेला असतो. दावा कशाचा आहे आणि कोणी केलाय, हे फोटोत बऱ्यापैकी वाचता येतं. तो खरा आहे का, आणि फाशापासून दोन बोटं दूर असलेल्या कडीलाही लागू आहे का, हे धातू हातात घेतल्याशिवाय कळत नाही. तुमच्या प्रश्नात हे तिन्ही मुद्दे एकमेकांत मिसळले आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी आकडा. ७५० म्हणजे हजार भागांत ७५० भाग शुद्ध सोनं, म्हणजे १८ कॅरट. ५८५ म्हणजे १४ कॅरट, ९१६ म्हणजे २२, ३७५ म्हणजे ९ कॅरट. उरलेले भाग बहुतेक तांबं आणि चांदी असतात, कधी थोडं जस्त. हा आकडा ठोकायचा छाप कोणालाही विकत मिळतो. त्यामुळे नुसता आकडा म्हणजे बनवणाऱ्याचं म्हणणं. हॉलमार्क ही वेगळी गोष्ट आहे. त्यात बनवणाऱ्याशी किंवा विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या केंद्राने धातू तपासून मग खूण उमटवलेली असते. बोलताना आपण दोन्हींना हॉलमार्क म्हणतो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

देशागणिक हे बदलतं, म्हणून दागिना कुठे बनला यावर शिक्क्याचा अर्थ अवलंबून असतो. ब्रिटिश हॉलमार्कमध्ये तीन खुणा सक्तीच्या आहेत: तपासणीसाठी दागिना पाठवणाऱ्याची अक्षरं, शुद्धतेचा आकडा आणि तपासणी कार्यालयाची खूण. लंडनची खूण बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर, शेफील्डची गुलाब आणि एडिनबरोची किल्ला. वर्षाचं अक्षर १९९९ पासून ऐच्छिक आहे, त्यामुळे ते नाही म्हणून दागिना खोटा ठरत नाही. इटलीच्या साखळ्यांवर ७५० च्या शेजारी एका लांबट चौकटीत तारा, एक आकडा आणि प्रांताची दोन अक्षरं असतात. ती नोंदणीकृत उत्पादकाची ओळख आहे. उत्पादक शोधायला ती कामाची आहे, पण स्वतंत्र तपासणी झाल्याचा पुरावा नाही. अमेरिकेत सरकारी तपासणी कार्यालयच नाही, तिथला कॅरटचा शिक्का म्हणजे उत्पादकाची जबानी.

भारतात १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी असतात: बीआयएसची त्रिकोणी खूण, कॅरट व शुद्धता, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख-कोड. त्याआधीच्या दागिन्यांवर एचयूआयडी नसतो. त्याऐवजी तपासणी केंद्राची आणि सराफाची खूण असते. म्हणून जुन्या दागिन्यावर एचयूआयडी नसणं हा दोष नाही. असेल तर मात्र फोटोवरून करता येण्यासारखी सर्वात उपयोगी तपासणी हीच आहे. बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो टाका, म्हणजे दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्र दिसतं. अ‍ॅप अंगठी म्हणतंय आणि फोटोत साखळी आहे, तर विषय तिथेच संपला. सगळं जुळलं तर कोड खरा आहे एवढंच सिद्ध होतं. एका खऱ्या साखळीचा कोड लेझरने दुसऱ्या दहा साखळ्यांवर उमटवता येतो आणि अ‍ॅप दहाही वेळा तेच उत्तर देईल.

तुमच्या फोटोत ७५० शेजारी दुसरं काहीच दिसत नाही असं धरून चालतो. अशा वेळी शिक्क्याचा फोटो कापलेला नाही ना, हे मी सर्वात आधी बघतो, कारण आकड्यालगतची अक्षरं अर्थ पूर्ण बदलतात. जीपी म्हणजे सोन्याचा मुलामा, एचजीई म्हणजे जाड मुलामा. जीएफ म्हणजे खालच्या हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला. १/२० आणि १४ कॅरट जीएफ असं लिहिलेलं असेल, तर एकूण वजनाचा विसावा भाग १४ कॅरटचा असतो. ५८५ ला २० ने भागा, हजारात जेमतेम २९ भाग सोनं उरतं. ९२५ दिसलं तर आत चांदी आहे. उलट बाजूची चूकही होते. अमेरिकी दागिन्यावरचं १८केपी पाहून लोक पी म्हणजे प्लेटेड समजतात आणि चांगला दागिना सोडून देतात. तिथे पी चा अर्थ पूर्ण कॅरट भरलेलं, असा आहे. आपल्याकडचा केडीएम हा तर शुद्धतेचा शिक्काच नाही. तो कॅडमियम घातलेल्या डागाबद्दल, म्हणजे सांधा झाळायच्या धातूबद्दल सांगतो.

शिक्काच नसेल तर? तेवढ्यावरून दागिना खोटा म्हणू नका. लहान वस्तूंना सूट असते, ब्रिटनमध्ये १ ग्रॅमपेक्षा हलक्या सोन्याला, भारतात २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला. साखळी जुनी असेल तर शिक्का झिजलेलाही असू शकतो.

आता फोटो मागवायचा कसा ते सांगतो, कारण लोक पाठवतात तसल्या फोटोंतून निष्कर्ष काढणं धोक्याचं असतं. शिक्का साधारण एक मिलिमीटर उंचीचा, बऱ्याचदा त्याहूनही लहान असतो. वरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत त्याची खोली नाहीशी होते आणि फोन चित्र कोरीव करायच्या नादात कडा स्वतःच बनवतो. विक्रेत्याला सांगा: फ्लॅश बंद, फाशाच्या बाजूने अगदी आडवा प्रकाश, फोनच्या कॅमेऱ्यासमोर दहापट मोठं दाखवणारं भिंग. असे तीन फोटो काढायचे, प्रत्येक वेळी दिवा वेगळ्या बाजूला ठेवून. एकाच फोटोवर भरवसा ठेवला तर खोलगट अक्षर उठावदार आणि उठावदार अक्षर खोलगट भासतं, कारण प्रकाश वरून येतोय असं डोळा गृहीत धरतो. तीन दिशांचे फोटो शेजारी ठेवले की हा भास जातो. सोबत एक फोटो असा हवा की ज्यात शिक्का, पूर्ण साखळी, चालू वजनकाट्याचा आकडा आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी एकत्र दिसतील. दुसऱ्या कोणाच्या साखळीचे फोटो पाठवण्याची वाट त्याने बंद होते.

चांगल्या फोटोत शिक्का कसा उमटलाय ते वाचता येतं. ठोकलेल्या छापाने धातू बाजूला सरकतो, त्यामुळे अक्षराच्या काठाला बारीक वरंबा उठतो, आणि पातळ पट्टीवर ठोकलं असेल तर मागच्या बाजूला हलका फुगवटा येतो. लेझरची रेघ सगळीकडे सारख्या खोलीची आणि तळाशी किंचित काळसर असते. आजचे खरे हॉलमार्कही मोठ्या प्रमाणात लेझरने उमटवले जातात, तेव्हा लेझर म्हणजे खोटं असं नाही. मला खटकतो तो ओतलेला शिक्का. एखाद्या खऱ्या दागिन्यावरून साचा घेऊन तशीच प्रत ओतली, तर शिक्काही प्रतीत येतो, पण अक्षरांचे कोपरे मऊ, तळ फुगलेला आणि आसपास बारीक छिद्रं अशा रूपात. तपासणी केंद्र एकेका दागिन्यावर खूण उमटवतं, त्यामुळे दागिन्यासोबत ओतून आलेल्या खुणेला कोणाच्या तपासणीचा आधार नसतो.

शिक्क्याइतकाच वेळ शिक्का नसलेल्या जागांना द्या. साखळीत कड्या एकमेकींवर घासतात त्या आतल्या वळणाचा, फाशाच्या जिभेचा आणि शेवटच्या कडीचा जवळून फोटो मागवा. मुलामा सर्वात आधी तिथेच उडतो आणि खालून पांढरट किंवा तांबूस धातू डोकावतो. असा उघडा पडलेला धातू स्पष्ट दिसला तर फोटोवरूनच नकार देता येतो. हिरवट थर दिसला तर मी थांबतो, कारण तांबं जास्त असलेलं ९ किंवा १४ कॅरटचं सोनंही काळवंडतं आणि झाळलेल्या सांध्याजवळ हिरवटपणा धरतं. फासा आणि साखळी यांना जोडणारी कडी नीट बघा. ती नंतर झाळलेली दिसली, तिच्यावरचा डाग वेगळ्या रंगाचा असला किंवा फाशाची झीज बाकी साखळीशी जुळत नसली, तर फासा बदललेला आहे. बदललेला फासा म्हणजे फसवणूकच असं नाही, फासे मोडतात आणि सोनार नवे लावतो. पण मग ७५० हा आकडा फक्त फाशाबद्दल बोलतोय. साखळीबद्दल त्याला काही म्हणायचं नाही. १८ कॅरटचा खरा फासा हलक्या साखळीला लावून विकणं ही जुनी युक्ती आहे आणि ती शिक्क्याच्या कितीही सुंदर फोटोत पकडली जात नाही.

रंगाबद्दल एकच वाक्य: फोटोतल्या पिवळेपणावरून कॅरट ठरवू नका, कारण तो पिवळेपणा दिवा आणि फोन मिळून ठरवतात.

आता हातातली तपासणी. लोहचुंबक सगळ्यांकडे असतो, म्हणून त्याची मर्यादा आधी सांगतो. साखळी चुंबकाला चिकटली तर ती सोन्याची नाही. चिकटली नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण तांबं, पितळ, चांदी आणि शिसंही चिकटत नाही. आणि फासा थोडा ओढला गेला तर घाबरू नका, बहुतेक फाशांच्या आत पोलादाची बारीक स्प्रिंग असते.

घरच्या घरी करता येण्यासारखी, दागिन्याला ओरखडाही न पाडणारी आणि तरीही भरपूर सांगणारी तपासणी म्हणजे घनता. सोनं जड आहे: शुद्ध सोन्याची घनता घन सेंटिमीटरला १९.३२ ग्रॅम, चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६, पितळेची ८.५ च्या आसपास. १८ कॅरटमध्ये उरलेला पाव भाग संपूर्ण तांब्याचा असेल तर घनता साधारण १५.० येते, संपूर्ण चांदीचा असेल तर १६.०. प्रत्यक्षात दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून पिवळं १८ कॅरट बहुधा १५.४ च्या आगेमागे सापडतं. याच हिशेबाने १४ कॅरट १३.० ते १४.३ मध्ये येतं. दोन्हींच्या मधे मोकळी जागा आहे आणि तीच आपल्या उपयोगाची.

यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. साखळी कोरडी वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. साखळी बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी वरून धरा, ती तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतात, तितके घन सेंटिमीटर साखळीचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते. साखळी तळाला टेकली तर काटा तिचंच वजन दाखवू लागतो आणि सगळा हिशेब बिघडतो.

तुमच्या साखळीचं वजन २४.६० ग्रॅम धरू. ती खरोखर १८ कॅरटची आणि भरीव असेल, तर पाण्यातला आकडा १.६० च्या जवळ यायला हवा, कारण २४.६० ÷ १.६० = १५.४. मुलामा दिलेली चांदी असती तर २.३५ च्या आसपास आला असता, पितळ असतं तर २.९ च्या. इतका फरक घाईत केलेल्या मोजणीतही लपत नाही. कॅरटमधला फरक मात्र लपतो. ०.१ ग्रॅमचाच काटा वापरला तर १.६ ऐवजी १.५ किंवा १.७ दिसू शकतं आणि घनता १६.४ पासून १४.५ पर्यंत कुठेही येते. तेवढ्यावर १४ की १८, हे ठरत नाही.

समजा, तुम्ही ०.०१ चा काटा वापरलात आणि आकडा १.८३ आला. २४.६० ÷ १.८३ = १३.४४. हा आकडा १४ कॅरटच्या पट्ट्यात बसतो, पण लगेच विक्रेत्याला फोन लावू नका. साखळीच्या कड्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि ते आकारमान फुगवतात. ०.२ घन सेंटिमीटर हवा अडकली तरी चांगली १८ कॅरटची साखळी १४ कॅरटसारखी वागते. पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब टाका, साखळी दहा मिनिटं त्यात भिजवा, पाण्याखालीच हलवा, भिंगातून कड्या तपासा आणि मग मोजा. असं तीनदा करा. आकडा १.६० कडे सरकू लागला तर तो बुडबुड्यांचा खेळ होता. तिन्ही वेळा १.८३ च येत राहिला, तर दोनच शक्यता उरतात: साखळीच्या तारेत पोकळी आहे, किंवा धातू ७५० चा नाही.

पोकळ साखळ्या खरोखर असतात. पातळ पत्र्याची नळी वळवून कड्या करतात, म्हणजे कमी वजनात जाड साखळी दिसते. अशा कडीत हवा कायमची बंद असते किंवा पाणी हळूहळू आत शिरतं, आणि मग काट्यावरचा आकडा स्थिर राहत नाही. आकडा मिनिटागणिक कमी होत गेला तर पाणी आत शिरतंय असं समजा. पोकळ, लाख भरलेल्या किंवा खडे बसवलेल्या दागिन्यावर घनतेची तपासणी करूच नका. ती हमखास चुकीचं उत्तर देते. दागिना भरीव असतानाही घनता फक्त सरासरी सांगते. टंगस्टनची घनता १९.२५ आहे, शुद्ध सोन्याच्या इतकी जवळ की टंगस्टनचा गाभा घातलेली लगड या तपासणीत सहज पास होते. टंगस्टन कठीण आणि ठिसूळ असल्यामुळे बारीक साखळीत ती भीती कमी, जाड लगडीत खरी.

तुमची साखळी भरीव आहे आणि १.८३ टिकून आहे, असं धरून पुढे जाऊ. इथून जाणकार हात लागतो. कसोटीच्या दगडावर सोनार साखळीची एक रेघ ओढतो आणि तिच्या शेजारी माहीत असलेल्या कॅरटच्या सुयांच्या रेघा. मग सगळ्यांवर १८ कॅरटचं आम्ल फिरवून कोणती रेघ किती लवकर फिकी पडते ते बघतो. १८ कॅरटची रेघ टिकते, १४ ची विरू लागते. सराईत हातालाही यात हजारात दहा-वीस भागांचा फरक राहतो, पण ५८५ आणि ७५० मधला फरक दीडशेच्या वर असल्यामुळे इथे हरकत नाही. खरी चूक वेगळीच होते: रेघ फक्त बाहेरच्या कातडीची निघते. जाड मुलाम्याची रेघ बिनधास्त पास होते. म्हणून एखाद्या आतल्या कडीवर, न दिसेल अशा जागी, कानशीने बारीक खाच पाडून त्या खाचेतली रेघ घ्यावी लागते. खाचेवर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकल्यावर हिरवा फेस आला तर आत पितळ किंवा तांबं आहे. आणि रेघ दोन घ्यायच्या, एक फाशाची आणि एक साखळीच्या मधल्या कडीची. एकच घेतली तर फाशाची युक्ती पकडली जात नाही. हे आम्ल घरी हाताळू नका, त्याची वाफ आणि थेंब दोन्ही इजा करतात.

सराफांकडचं एक्स-रे यंत्र, ज्याला एक्सआरएफ म्हणतात, मिनिटाभरात सगळ्या धातूंची टक्केवारी छापून देतं. त्या छापील कागदाचा लोकांवर फार प्रभाव पडतो, म्हणून त्याची मर्यादा स्पष्ट सांगतो. सोन्यात त्याची नजर साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतच पोचते. साधा पातळ मुलामा असेल तर ती खालपर्यंत जाते आणि कागदावर तांबं किंवा निकेल भलतंच जास्त दिसतं. दाबून बसवलेला जाड पत्रा असेल तर यंत्राला फक्त पत्राच दिसतो आणि कागद निर्धास्तपणे ७५० म्हणतो. आम्लात उजळलेल्या दागिन्याच्या पृष्ठभागावरून तांबं निघून गेलेलं असतं, त्यामुळे भरीव दागिनाही खऱ्यापेक्षा थोडा जास्त शुद्ध दिसतो. साखळीवर आणखी एक अडचण असते: किरणांचा ठिपका कडीपेक्षा मोठा असतो, मग शेजारची कडी, डाग आणि मोकळी जागा सगळं एकाच मोजणीत येतं. म्हणून मी एका मोजणीचा कागद मान्य करत नाही. फासा, मधली कडी आणि खाच पाडलेली जागा, अशा तीन मोजण्या मागा. खाचेतली मोजणी बाहेरच्या मोजणीपेक्षा बरीच कमी आली तर वरचा थर वेगळा आहे.

शेवटचा शब्द अग्निपरीक्षणाचा, आणि तो धातू खर्च करून मिळतो. साखळीतून साधारण पाव ग्रॅम तुकडा कापून अचूक वजन करतात. त्यात सोन्याच्या अडीच-तीन पट होईल इतकी चांदी मिळवतात, शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र मुशीत हजार अंशांच्या वर तापवतात. शिसं आणि तांब्यासारखे धातू जळून त्यांची राख मूस शोषून घेते, मागे सोनं आणि चांदीचा मणी उरतो. तो चेपून, पातळ लाटून, गुंडाळी करून नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते आणि सोनं उरतं, त्याचं वजन करतात. चांदी मुद्दाम मिळवण्याचं कारण हेच की सोन्याचं प्रमाण फार असेल तर आम्ल आतल्या चांदीपर्यंत पोचत नाही आणि सोनं खोटंच जड भरतं. नीट केलेलं अग्निपरीक्षण हजारात एका भागाच्या आसपास अचूक असतं. पण तेही कापलेल्या तुकड्याबद्दलच बोलतं, म्हणून तुकडा फाशाचा नको, मधल्या कडीचा हवा.

तुमच्या उदाहरणात कडीचा तुकडा २५०.० मिलिग्रॅम भरला आणि शेवटी १४६.३ मिलिग्रॅम सोनं उरलं असं समजा. १४६.३ ला २५० ने भागलं की हजारात ५८५ येतात. साखळी १४ कॅरटची आहे, आणि पाण्यातल्या १३.४४ शी हे जुळतंय. फाशाची कसोटीवरची रेघ मात्र १८ कॅरटच्या आम्लात टिकली, म्हणजे फाशावरचा ७५० हा शिक्का खराच आहे. त्यात कोणाचा खोटेपणा असेलच असंही नाही. कोणीतरी कधीतरी १४ कॅरटच्या साखळीला १८ कॅरटचा फासा लावला आणि विकणाऱ्याने तोच वाचला, असं सहज घडतं. त्यांच्याशी बोलताना हे लक्षात ठेवा.

फोटोपासून अग्निपरीक्षणापर्यंत सगळं प्रत्येक साखळीला लागत नाही. माझा क्रम असा असतो: फोटोत मुलामा उडालेला किंवा ओतलेला शिक्का दिसला तर पुढे जायचंच नाही. फोटो स्वच्छ असेल तर भरीव दागिन्याची घनता, मग फासा आणि मधली कडी दोन्हींवर खाच पाडून कस किंवा एक्स-रे. दोन्ही एकमेकांशी जुळले तर एवढ्यावर थांबायला हरकत नाही. जुळले नाहीत, किंवा वजन मोठं असेल, तरच तुकडा कापायचा. विक्रेता खाच पाडू द्यायला तयार नसेल, तर तो त्यांचा हक्क आहे. मग तुम्ही १८ कॅरटचा भाव द्यायचा नाही.

आणि भाव काढताना दोन वजनं वेगळी घ्या. फासा सोडवून १.६० ग्रॅम भरला, तर त्यात ७५० प्रमाणे १.२० ग्रॅम सोनं. उरलेल्या २३.०० ग्रॅम साखळीत ५८५ प्रमाणे १३.४६ ग्रॅम. दोन्ही मिळून १४.६६ ग्रॅम. पूर्ण साखळी ७५० ची मानली असती तर १८.४५ ग्रॅम सोन्याचे पैसे मोजावे लागले असते, म्हणजे साखळीत नसलेल्या ३.७९ ग्रॅमचे जास्तीचे.